वॉश केलेल्या जीन्सचं कापड कमजोर का होतं?

प्रश्न: म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून फिकी जीन्स घेतली. सहा महिन्यांत मांडीवर विरली, माझी जुनी गडद जीन्स अजून धड आहे. असं का?

उत्तर: डेनिममध्ये उभे धागे निळे आणि आडवे पांढरे असतात. विणीमुळे निळे धागे वर येतात आणि इंडिगो हा निळा रंग त्यांच्या फक्त बाहेरच्या थरात असतो. म्हणून रंग फिका करायचा म्हणजे तो थरच काढायचा.

स्टोन वॉशमध्ये प्यूमिस दगड तो घासून काढतो. शिवण आणि कडांना जास्त मार बसतो. एन्झाइम वॉशमध्ये सेल्युलेज नावाचं एन्झाइम कापसाचं सेल्युलोज, म्हणजे कापूस ज्याचा बनतो तो पदार्थच, तोडतं. आम्लधर्मी सेल्युलेज साधारण ५० ते ५५ अंशांच्या पाण्यात, ५च्या आसपास पीएचला काम करतं. वेळ झाली की सोडा घालून किंवा पाणी ८० अंशांवर नेऊन ते मारावंच लागतं. घाईत हे राहिलं आणि ओल्या पँटी ढिगात पडून राहिल्या, तर ते कापूस खातच राहतं. माझ्या मते बहुतेक घोटाळा इथेच होतो.

ब्लीच, म्हणजे हायपोक्लोराइट, रंगासोबत सेल्युलोजच्या साखळ्याही तोडतं. पीएच १०–११ वरून ७कडे घसरला की नुकसान फार वाढतं. नंतर थायोसल्फेट या रसायनाने उरलेलं क्लोरीन काढलं नाही, तर झीज चालूच राहते.

विरलेली जागा नीट बघा. निळे धागे तुटून पांढरे शाबूत असतील, तर घासणं किंवा एन्झाइम जास्त झालंय. दोन्ही धागे बोटाने ओढताच तुटत असतील, तर ब्लीचवर संशय घ्या.