चिनूस, भेळेच्या फळ्याबद्दल

"बाबा, आत्याने सांगलीच्या भेळवाल्याच्या फळ्याचा फोटो पाठवलाय. सगळं अर्धंअर्धं लिहिलंय. आणि जादा पाव ९० रुपयांना कसा? आत्या म्हणते बिल २६० झालं, माझ्या हिशोबाने ५०० होतं. बाहेरच्यांना कळू नये म्हणून असं लिहितात का?"

प्रिय चिनू,

तू स्वतःला बाहेरच्यांत धरलंस, ते मला लागलं. रागावलो नाही. पण लगेच उत्तर द्यायला सुचलं नाही, म्हणून हे पत्र.

तुझ्या वयाचा नव्हतो, बराच लहान होतो, तेव्हा अण्णा रविवारी संध्याकाळी मला गणपतीला न्यायचे आणि येताना आमराईच्या बाजूने भेळ खायला. गाडीवर एक काळी फळी टांगलेली असायची. अण्णा मला तिच्यासमोर उभं करायचे आणि म्हणायचे, "वाच. मोठ्यानं वाच." मी 'भे' ला 'ळ' जोडेपर्यंत मागचे दोन जण ऑर्डर देऊन मोकळे व्हायचे. मग खाऊन झालं की भेळवाल्याने हिशोब सांगायच्या आत मी सांगायचा, असा नियम. आजी म्हणायची, "पोराला सुखानं खाऊ तरी द्या." पण अण्णा मार्केट यार्डात हळदीच्या पेढीवर दिवाणजी होते, हिशोब हा त्यांचा श्वास. त्यांच्या वह्यांतही 'ज.' म्हणजे जमा आणि 'ना.' म्हणजे नावे. मोठी माणसं असंच लिहितात, असं मला वाटायचं. त्यामुळे फळ्यावरची अर्धी अक्षरं मला कधी बंद दारासारखी वाटली नाहीत. तुला तशी वाटली, हे मला आधी ध्यानातच आलं नव्हतं.

आता फोटो मोठा करून बघ. मी वाचतोय तसं लिहितो:

दर प्ले.
भेळ ओ. ४०
〃 सु. ४०
〃 मट. ५०
पा.पु. (६) ३०
शे.पु. (६) ४०
र.पॅ. ५०
क.वडा (२ पा.) ५०
जा. पाव १०
पा. ५ जा.

सगळ्यात वर 'दर प्ले.' आहे, म्हणजे खालचे सगळे भाव एका प्लेटचे. हे एकदाच लिहिलं की प्रत्येक ओळीत पुन्हा लिहावं लागत नाही. भेळेखाली दोन छोट्या रेघा आहेत, त्या तू कदाचित अकरा वाचल्या असतील. त्या 'वरचंच' सांगतात. म्हणून पुढच्या दोन ओळीही भेळेच्याच: सुकी भेळ आणि मटकी भेळ. पहिली 'ओ.' म्हणजे ओली, चिंचेचं पाणी आणि चटणी घालून कालवलेली. 'र.पॅ.' म्हणजे रगडा पॅटिस, 'शे.पु.' म्हणजे शेवपुरी. कंसातला आकडा रुपयांचा नाही, प्लेटमध्ये काय मिळणार त्याचा आहे. पाणीपुरीच्या सहा पुऱ्या, कटवड्याबरोबर दोन पाव.

आणि इथेच खरी गंमत आहे. 'पा.' या फळ्यावर तीन वेळा आलंय आणि तिन्ही वेळा वेगळं आहे. 'पा.पु.' मध्ये पाणी, '(२ पा.)' मध्ये पाव आणि अगदी खालच्या ओळीत पार्सल. कुठलं कुठे, ते शेजारी काय आहे त्यावरून ठरतं. पुढे 'पु.' असेल तर पाणी. वड्याच्या कंसात, आकड्यामागे असेल तर पाव. आणि शेवटी एकटंच, पुढे 'जा.' म्हणजे जादा असं असेल तर पार्सल. पावाला जादा पैसे, अशी वेगळी ओळ वर 'जा. पाव' म्हणून आहेच, मग खालची ओळ पुन्हा पावाची कशी असेल? मी लहानपणी असाच एकेक पर्याय बाद करत वाचायचो.

कटवडा काय ते तुला माहीत आहे, आत्याने केला होता. वाटीत वडा, त्यावर लालभडक कट, वर फरसाण आणि कांदा. दोन पावांत तो कट संपत नाही, म्हणूनच जादा पावाची ओळ बहुतेक फळ्यांवर असते.

आता तुझे ५०० रुपये. आत्याने घेतलं होतं ते असं: दोन ओल्या भेळी, एक पाणीपुरी, एक कटवडा, त्याबरोबर एक जादा पाव, आणि दोन सुक्या भेळी पार्सल. तू ४० ला ८० वाचलंस. मराठी चार वरून उघडा असतो आणि खाली त्याला गाठ असते, त्यामुळे इंग्रजी आठाशी त्याची गल्लत होते. आणि मराठी एक तर अगदी इंग्रजी नवासारखा, वर गोल आणि खाली शेपटी. म्हणून १० चे ९० झाले. तुला अक्षरं येतात, आकडे फारसे वाचायला मिळालेले नाहीत, त्यात नवल नाही. तीन आणि पाच मात्र तू बरोबर वाचलेस.

हिशोब मांडून बघ. चार भेळी चाळीसने १६०. पाणीपुरी ३०, कटवडा ५०, पाव १०. झाले २५०. दोन पार्सल पाच-पाच रुपयांनी १०. एकूण २६०. तुझ्या हिशोबात प्रत्येक भेळ चाळीसने वाढली, म्हणजे १६०, आणि पाव ऐंशीने वाढला. १६० आणि ८० मिळून २४०, आणि २६० त ते मिळवले की तुझे ५००. बेरीज तुझी एक रुपयानेही चुकलेली नाही. अण्णा असते तर त्यांनी तुझी पाठ थोपटली असती.

चूक झालीय हे फळ्याकडे बघूनही कळू शकतं. जो पदार्थ दुसऱ्याबरोबर जादा म्हणून मिळतो, तो मूळ प्लेटपेक्षा महाग नसतो. पाव वड्यापेक्षा महाग दिसला की आकडा पुन्हा बघायचा. तसंच गाडीवरचे भाव सहसा शून्य किंवा पाचावर संपतात. शेवटी दुसरंच काही दिसलं तर एक तर खडू पुसला गेलाय किंवा जुना आकडा नीट पुसला गेलेला नाही. तुझ्या फोटोत मटकी भेळेच्या ५० मागे फिकट रेघ दिसते बघ. भाव वाढला की पूर्ण ओळ कोणी पुसत नाही, ओल्या बोटाने आकडा पुसतात आणि वरून नवा लिहितात. वाळला की जुना पुन्हा डोकावतो. अशा वेळी ठळक पांढरा आकडा खरा धरायचा. तीन आणि सहा खडूने लिहिले की एकमेकांचे आरशातले दिसतात, तिथेही थांबून बघायचं. पोट उजवीकडे असेल तर तीन, डावीकडे असेल तर सहा.

आत्याने घरी न्यायला सुकीच का घेतली, हेही त्या फळ्याशी जोडलेलं आहे. ओली आणि सुकी एकाच भावाला आहेत, मग ओली का नको? कारण चिरमुरे ओले झाले की काही मिनिटांत मऊ पडतात. घरी पोचेपर्यंत भेळेचा गोळा होतो. सुकीत चटणी कोरडी असते, ती तग धरते. आजीला भेळ कुरकुरीत लागते, हे तुला ठाऊक आहे.

आता तुझ्या खऱ्या प्रश्नाकडे. कळू नये म्हणून लिहितात, असं मला वाटत नाही. फळी वीतभर रुंद, खडू गाडीवरच्या दमटपणाने भिजलेला, लिहिणाऱ्याचे हात चिंचेच्या पाण्यात. आणि वाचणारा रोजचा. त्याला 'ओ.' एवढंच पुरतं. पण हे लिहिताना मला एक गोष्ट आठवतेय आणि ती आठवली की माझी खात्री थोडी ढळते. शेजारी मिरज आहे, तिथल्या दवाखान्यांत कर्नाटकातून खूप माणसं येतात, त्यातली काही सांगलीतही फिरतात. एकदा आमच्या शेजारी एक बाई उभ्या होत्या, कानडी बोलणाऱ्या. त्यांना फळा वाचता येत नव्हता. त्या कितीतरी वेळ नुसत्या उभ्या राहिल्या आणि शेवटी माझ्या प्लेटकडे बोट दाखवलं. भेळवाल्याला कानडी येत होतं, त्याने त्यांना सगळं एकेक करून सांगितलं, प्लेटही दिली. त्यात कुणी त्यांना हिणवलं नाही. तरी त्या आधी तिथे उभ्या होत्या तेवढा वेळ त्यांच्यासाठी तो फळा नव्हताच, हे खरं आहे. तेव्हा मला ते दिसलं आणि मी भेळ खात राहिलो. लहान होतो. आज तुझ्या वाक्याने त्या बाई आठवल्या.

म्हणून मी तुला असं सांगणार नाही की हे आपलं आहे, म्हणून तुला आलंच पाहिजे. अण्णांनी मला फळ्यासमोर उभं केलं ते मला आवडायचं, पण तुला तसं उभं केलं तर तुलाही आवडेल, असं थोडंच आहे. पुढच्या वेळी सांगलीला गेलीस आणि वाचावंसं वाटलं तर वाच. नाही वाटलं तर सरळ विचार, "काका, कटवड्याबरोबर पाव किती?" तिथे कुणालाही हे विचारायला संकोच वाटत नाही, आमच्या घरातले तर हमखास विचारतात, कारण कुठे दोन असतात, कुठे ब्रेडच्या स्लाइस असतात.

एक गोष्ट मात्र मलाही फळ्यावरून कळत नाही. पार्सलचे पाच रुपये एका पुडीचे की सगळ्या ऑर्डरचे, हे तिथे लिहिलेलं नाही. बिल २६० झालं म्हणून मी पुडीमागे पाच धरले. ऑर्डरमागे असते तर २५५ झाले असते. आत्याला फोन करशील तेव्हा तिला विचार, पुड्या दोनच बांधल्या होत्या ना. आजीला एखादी पुडी जास्त लागली असेल तर माझा सगळा हिशोब पुन्हा मांडावा लागेल.

तुझा,
बाबा