पोस्टपेडचं बिल वाढते कुठं? वाचकांचे चार प्रश्न

"प्लॅन ४०० चा सांगितला होता, बिल आलं ७११ चं. काहून?"

दादा, तुम्ही बिलाचा फोटो पाठवला म्हणून नीट सांगता येते. ४०० हे नुसतं भाडं हाय, त्यावर १८ टक्के जीएसटी म्हणजे ७२ रुपये, झाले ४७२. तुमचा महिन्याचा डेटा संपल्यावर आणखी ५ जीबी वापरला गेला. काही प्लॅनमध्ये डेटा संपला की स्पीड अगदी कमी होते पण पैसे लागत नाहीत, तुमच्या प्लॅनमध्ये मात्र २ पैसे एमबी लागते. ऐकायला काहीच नाही वाटत, पण एका जीबीत १०२४ एमबी असतात, म्हणून ५ जीबीचे १०२ रुपये ४० पैसे, अन् जीएसटी धरून १२१ च्या आसपास. राहिले ११८, ते मागच्या बिलाचे लेट फी १०० अन् त्यावरचा जीएसटी १८.

आता डेटा संपला कसा हे समजून घ्या, कारण तुम्ही म्हणता फोनमध्ये तर कमी दाखवत होतं. फोनचा मीटर बहुतेक १ तारखेपासून मोजतो, अन् तुमची बिलिंग सायकल १२ तारखेला सुरू होते, म्हणजे दोन्ही आकडे कधी जुळणारच नाहीत! सेटिंगमध्ये डेटा वापराच्या पानावर जाऊन सायकलची तारीख १२ करा अन् तिथंच डेटा लिमिटही लावून टाका, लिमिट आली की फोन स्वतःच मोबाईल डेटा बंद करतो. पोरगा हॉटस्पॉट घेऊन टीव्हीवर क्रिकेट पाहत असेल तर तो डेटाही तुमच्याच खात्यात मोजला जाते. अन् ५०, ९० अन् १०० टक्के डेटा संपल्याचे कंपनीचे मेसेज येतात, ते जाहिरात समजून पुसू नका.

"कापूस विकल्यावरच हातात पैसा येते, बिल लांबलं तर किती लागते?"

लेट फी बिलावरच छापलेली असते, बहुतेक ठिकाणी ठरलेली रक्कम असते अन् पुढच्या बिलात चढते, म्हणून ज्या महिन्यात उशीर झाला त्या महिन्यात ती दिसतच नाही अन् माणूस म्हणतो काही लागलं नाही. खरा फटका पुढं बसतो. आधी आउटगोइंग बंद होते, पण भाडं बंद होत नाही, कनेक्शन तोडेपर्यंत ते चालूच राहते, म्हणजे फोन मुका अन् बिल चालू. याच्यावर मला सोपा वाटणारा उपाय असा की कापसाचे पैसे आले की तीन-चार महिन्यांचं बिल आगाऊ भरून टाकायचं, पोस्टपेड खात्यात जास्तीची रक्कम जमा राहते अन् पुढच्या बिलांतून वळती होत जाते. ऑटो-पे लावाल तर खात्यात पैसे ठेवा, नाहीतर बँकेचाही दंड लागू शकते.

"आदिलाबादला माल घेऊन जातो, तिथं रोमिंग लागते का? अन् दिवाळीनंतर नेपाळची यात्रा आहे."

आदिलाबादचं टेन्शन घेऊ नका, देशात कुठंही इनकमिंगला पैसे नाहीत अन् डेटा तुमच्याच कोट्यातून जाते, फोनवर आर दिसला तरी.

नेपाळ मात्र परदेश हाय, तिथं इनकमिंगलाही पैसे लागतात अन् पॅक न घेता डेटा लावला तर एका दिवसात महिन्याच्या बिलाएवढा खर्च होऊ शकते. पॅक घ्यायचा असेल तर सीमेवरच्या सुनौलीला पोहोचायच्या आधीच घ्या, अन् नसेल घ्यायचा तर फोनच्या सेटिंगमध्ये डेटा रोमिंग बंद ठेवा. सीमेजवळ फोन आपोआप पलीकडचा टॉवर पकडतो, म्हणून तिथं नेटवर्क आपल्या हातानं निवडा.

"दुसऱ्या कंपनीचा टॉवर गावात चांगला आहे, इथं मला पाच महिने झाले, ३५० रुपये बाकी आहेत, पण दुकानदार लॉक-इन आहे म्हणून सोडत नाही."

ताई, दुकानदाराला विचारा कोणतं लॉक-इन? नंबर पोर्ट करायला सरकारचा मुख्य नियम असा हाय की सध्याच्या कंपनीत ९० दिवस पूर्ण झाले पाहिजेत अन् मुदत संपलेलं बिल बाकी नको. सिमकार्ड बदललं असेल तर ७ दिवस थांबा. तुमचे तर पाच महिने झाले, मग अडकलं ते बहुतेक त्या ३५० च्या थकबाकीत. ती भरा, पावती ठेवा, दोन-तीन दिवसांनी PORT लिहून एक जागा सोडून आपला नंबर टाका अन् 1900 ला मेसेज करा. आठ अक्षरांचा कोड येईल, आपल्या महाराष्ट्रात तो ४ दिवसच चालते, त्याच्या आत नवीन दुकानात जा.

हप्त्यावर फोन घेतला असेल तर त्याचा करार वेगळा, तो नंबरासोबत संपत नाही. अन् पोर्ट झाल्यावर जुन्या कंपनीचं शेवटचं बिल येते, उरलेल्या दिवसांचं. ते राहिलं तर जुनी कंपनी नव्या कंपनीला कळवते अन् तुमचा पोर्ट झालेला नंबरही बंद पडू शकते, म्हणून जुन्या कंपनीत तुमचा पत्ता अन् ईमेल बरोबर आहे का ते पोर्ट करायच्या आधीच बघून घ्या.