रात्रीची सिगरेट आणि खोलीतले मित्र

प्रश्न: पुण्यात आम्ही चौघे मिळून फ्लॅट भाड्याने घेतला आहे. मला सिगरेट सोडायची आहे, पण बाकीचे तिघे रोज रात्री ओढतात. दिवस कसाबसा जातो, रात्री मोडतं. खोली बदलणं परवडत नाही. काय करू?

उत्तर: मी हॉस्टेलवर राहून सोडली. खोलीतले दोघे तेव्हाही ओढत होते, आजही ओढतात. त्या अनुभवावरून सांगतो, तुमच्यासाठी धुरापेक्षा जास्त घातक आहे ती हात पुढे केला की मिळणारी फुकटची सिगरेट. टपरीवर जायचं म्हटलं तर चप्पल घालावी लागते, जिने उतरावे लागतात, तेवढ्यात तलफ ओसरू शकते. खोलीत तो वेळच मिळत नाही.

म्हणून मित्रांना सिगरेट सोडा म्हणू नका, ते चिडतील. दुपारी, कुणीही ओढत नसताना, फक्त तीन गोष्टी मागा. मी मागितली तरी, चिडलो तरी, मला द्यायची नाही. ओढायची ती गॅलरीत, आणि दार लावून. पाकीट आणि लायटर टेबलावर न ठेवता आपापल्या कपाटात. माझ्या मित्रांना पहिली अट सर्वांत सोपी वाटली, कारण त्यात त्यांच्या सिगरेटीही वाचत होत्या. दाराची आठवण मात्र मला बरेच दिवस करून द्यावी लागली.

आता रात्रीचं. निकोटिन रक्तातून लवकर उतरतं, साधारण दोन तासांत निम्मं. दिवसभर काहीच न घेता तुम्ही रात्री दहाला त्यांच्यासमोर बसता, तेव्हा शरीर रिकामं असतं. तिथे नुसत्या निश्चयावर विसंबू नका, निकोटिन गम वापरा. 2 मिलिग्रॅमचा गम मेडिकलमध्ये चिठ्ठीशिवाय मिळतो. उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत पहिली सिगरेट लागत असेल तर बहुधा 4 मिलिग्रॅमचा लागेल. त्यासाठी डॉक्टरांची चिठ्ठी घ्या. हृदयाचा त्रास असेल किंवा दुसरी औषधं चालू असतील तर कुठलाही गम घेण्याआधी डॉक्टरांना विचाराच.

बरेच जण हा गम साध्या च्युइंगगमसारखा चावतात आणि 'काही उपयोग नाही' म्हणून टाकून देतात. तसा चावला की निकोटिन थुंकीबरोबर पोटात जातं. उचक्या लागतात, छातीत जळजळतं आणि तलफ तशीच राहते. निकोटिन गालाच्या आतल्या त्वचेतून शोषलं गेलं पाहिजे. सावकाश चावा, तिखट चव किंवा झिणझिण्या जाणवल्या की थांबा आणि गम गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवून द्या. झिणझिण्या गेल्या की पुन्हा थोडा चावा, मग जागा बदलून ठेवा. एक गम अर्धा तास चालतो. त्याआधी पंधरा मिनिटं आणि तो तोंडात असताना चहा, कॉफी, कोल्ड्रिंक नको, कारण त्यांनी तोंडात आंबटपणा येतो आणि निकोटिन नीट शोषलं जात नाही.

पहिले सहा आठवडे जागेपणी दर एक-दोन तासांनी एक गम, पुढे अंतर वाढवत साधारण बारा आठवड्यांत बंद. 2 मिलिग्रॅमचे चोवीस ही दिवसाची कमाल मर्यादा. मित्र दहाला बसत असतील तर तुमचा गम साडेनऊला तोंडात हवा. गमचा असर सिगरेटसारखा झटकन होत नाही, त्याला वीस-तीस मिनिटं लागतात. समोर काडी पेटल्यावर शोधायला गेलात तर उशीर झालेला असतो.

कुठे चुकतंय ते तलफेच्या वेळेवरून कळतं. सकाळपासूनच चिडचिड, लक्ष न लागणं असं होत असेल तर गम कमी पडतोय. दिवस शांत जातो आणि मित्र उठून गॅलरीकडे गेले की जीव कासावीस होतो, असं असेल तर ती सवय आहे. तिथे गम वाढवण्यापेक्षा ती वीस मिनिटं खोलीबाहेर काढा. जेवणानंतरचा फेरफटका, घरी फोन, काहीही. पहिला आठवडा सर्वांत जड असतो, तीन-चार आठवड्यांत शरीराची मागणी बरीच मंदावते.

चहाचंही बघा. सिगरेटच्या धुरामुळे यकृत कॅफिन भराभर मोडतं. सिगरेट सुटली की तोच चहा जास्त चढतो. झोप लागत नाही, हात थरथरतात आणि माणसाला वाटतं की हे सिगरेटशिवायच होतंय. मी चहा निम्म्यावर आणला, संध्याकाळनंतरचा तर बंदच केला आणि झोप परत आली.

शनिवारी खोलीवर बाटली उघडत असेल तर पहिला महिनाभर त्या रात्री दुसरीकडे झोपायला जा. दोन पेग झाल्यावर 'मागितली तरी देऊ नका' ही अट ना तुमच्या लक्षात राहते, ना त्यांच्या. आणि गम घेऊनही जमत नसेल तर राष्ट्रीय हेल्पलाइनवर फोन करा, 1800-11-2356. तिथे समुपदेशक बोलतात, फोन मोफत आहे. गोळ्यांचाही पर्याय आहे, पण तो डॉक्टरांकडूनच.