तारीख हुकली, पण दाखल्यावर कोणती तारीख आहे?

"मॅडम, नॉन-क्रिमीलेअर अपलोड करायची तारीख निघून गेली. आता ऑफिसला मेल केला तर घेतात का? का हे वर्ष गेलंच म्हणायचं?"

जून-जुलैत नांदेडच्या माझ्या टेबलासमोर कुणी असं बसलं की मी आधी दाखला मागते आणि त्यावरची तारीख बघते. दाखला मुदतीच्या आधी निघालेला असेल आणि फक्त अपलोड करायचा राहिला असेल, तर मेलला काही अर्थ असतो. आरक्षणाचा हक्क त्या दिवशी तुमच्या हातात होता, कागद तेवढा पोचला नव्हता. दाखलाच मुदतीनंतर निघाला असेल तर त्या तारखेला तुमच्याकडे तो हक्क सिद्ध करणारं काही नव्हतंच, आणि ते माफ करणं कारकुनाच्याच काय, प्राचार्यांच्याही हातात सहसा नसतं. सेतूवर अर्ज केल्याची पावती या दोन्हींच्या मधली. माहितीपत्रकात पावती चालेल असं लिहिलं असेल तरच तिला किंमत.

वसमतकडच्या एका मुलीची गोष्ट सांगते. हळदीवाल्या शेतकऱ्याची मुलगी, बी.ए. झालेली. दुसऱ्या शहरातल्या एका संस्थेत एमएसडब्ल्यूला ओबीसीतून अर्ज केलेला. अर्जासोबत जुनं नॉन-क्रिमीलेअर जोडलं होतं, त्याची मुदत ३१ मार्चला संपली होती. घोटाळा इथेच होतो. दाखला दिसायला धडधाकट असतो, खालच्या ओळीतली मुदत कुणी वाचत नाही. संस्थेने त्रुटी काढली, ५ जुलैला संध्याकाळी ५ पर्यंत नवीन दाखला अपलोड करा म्हणून मेसेज पाठवला. तो मेसेज गेला नेट कॅफेवाल्याच्या मोबाईलवर, कारण फॉर्म त्याने भरला होता आणि नंबरही स्वतःचाच टाकला होता. मेल आयडीही त्यानेच काढून दिलेला. दिवसाला चाळीस फॉर्म भरणारा माणूस, तो तरी कुठला मेसेज कुणाचा हे कुठे बघत बसणार?

नवीन दाखला मात्र तिच्या हातात १ जुलैलाच आला होता. ५ तारखेला तो घरात पिशवीत होता. ९ जुलैला पहिली यादी लागली, त्यात नाव खुल्या प्रवर्गात, तेही प्रतीक्षा यादीत फार खाली. तेव्हा बाप-लेक माझ्याकडे आले.

तिने मेल लिहूनच आणला होता, वहीची अडीच पानं. सुरुवात दुष्काळापासून. पाऊस, कर्ज, आजीचं दुखणं, "माझ्या स्वप्नांचा चुराडा होईल". अर्ज क्रमांक कुठेच नव्हता. दाखला कोणत्या तारखेचा, हे दुसऱ्या पानाच्या शेवटी एकदा आलं होतं. शिवाय चुलतभावाने सल्ला दिला होता की टायफॉइड झाल्याचं सर्टिफिकेट ओळखीच्या डॉक्टरकडून आणतो, ते जोड. ते मी तिथल्या तिथे थांबवलं. खोटा कागद पकडला गेला तर मिळालेला प्रवेशसुद्धा रद्द होतो. आणि मुळात खरं कारण एवढं साधं, सहज पटण्यासारखं असताना टायफॉइड कशाला?

वडील म्हणाले, "मॅडम, गरिबीचं लिहिलं तर दया येईल की त्यांना." दया येतेही. पण मेल वाचणाऱ्याला फाइलवर शेरा लिहायचा असतो, आणि दयेचा शेरा लिहिता येत नाही. "प्रमाणपत्र मुदतीपूर्वीचे आहे" हा लिहिता येतो. मग आम्ही तिघांनी मिळून एवढंच ठेवलं:

विषय: अर्ज क्र. (तिचा क्रमांक) – नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्र उशिरा सादर करण्याबाबत

मा. प्रवेश समन्वयक,
मी एमएसडब्ल्यू प्रथम वर्षासाठी ओबीसी प्रवर्गातून अर्ज केला आहे. अर्जासोबत जोडलेल्या प्रमाणपत्राची मुदत ३१ मार्चला संपली होती. नवीन प्रमाणपत्र १ जुलैला मिळाले असून ते सोबत जोडत आहे. ५ जुलैपर्यंत ते अपलोड करणे माझ्याकडून राहिले. अर्जात दिलेला मोबाईल क्रमांक माझा नसल्याने त्रुटीचा संदेश मला मिळाला नाही. ती चूक माझी आहे.
हे प्रमाणपत्र पुढील फेरीसाठी ग्राह्य धरता येईल का? येत नसल्यास रिक्त जागांच्या फेरीसाठी अर्ज कधी करावा, हे कृपया कळवावे. तोपर्यंत खुल्या प्रवर्गातील माझा अर्ज कायम ठेवावा, ही विनंती.

खाली नाव, स्वतःचा मोबाईल, आणि तो नंबर अर्जात बदलून द्यावा अशी एक ओळ.

यात पहिली यादी बदला असं कुठेच म्हटलेलं नाही, ते मुद्दाम. लागलेली यादी बदलली की वर बसलेला दुसरा कुणीतरी खाली येतो आणि तक्रार करतो. ऑफिस त्या भानगडीत पडत नाही. पुढच्या फेरीचं मागितलं तर कुणाचं काही जात नाही. दुसरा प्रश्न यासाठी की पहिल्याला नकार आला तरी हातात एक तारीख येते. आणि शेवटची विनंती नसेल तर त्रुटी पूर्ण झाली नाही म्हणून अख्खा अर्जच बाद व्हायचा धोका असतो.

मेल पाठवायचा कुठून, हाही प्रश्नच होता. ती भावाच्या आयडीवरून पाठवणार होती. नोंदणी नसलेल्या आयडीवरून आलेला मेल कुणाचा, हे ऑफिसला कळत नाही, तो पडून राहतो. म्हणून तिला आधी कॅफेवाल्याकडे पाठवलं, पासवर्ड घेऊन यायला. तो त्याला आठवेना, अर्धा दिवस गेला. दाखला मोबाईलने फोटो काढून नाही, नीट स्कॅन करून पीडीएफ जोडला, म्हणजे त्यावरचा बारकोड वाचता येतो आणि दाखला खरा की खोटा हे ऑफिस स्वतः तपासू शकतं.

दोन कामाचे दिवस थांबून तिनेच फोन केला. काय विचारायचं ते ठरलं होतं: यावर निर्णय कोण घेतं, आणि ते कधी बसतात? "माझा मेल बघितला का" एवढंच विचारलं की "बघतो" एवढंच उत्तर येतं. कळलं की प्रवेश समिती १६ तारखेला बसते. बैठकीच्या आदल्या दिवशी तिने त्याच मेलखाली दोन ओळींची आठवण पाठवली.

हे जमलं कारण ती संस्था स्वतःची प्रवेशप्रक्रिया स्वतः राबवत होती. इंजिनिअरिंग, फार्मसीसारखं सीईटी सेलच्या कॅपमधून, म्हणजे राज्याच्या एकत्रित प्रवेशप्रक्रियेतून असतं तर मी तिला असा मेल लिहायलाच लावला नसता. तिथे तक्रार करायची ती लॉगिनमधून, ठरलेल्या दिवसांतच, आणि कॉलेजला तारीख पुढे ढकलायचा अधिकार नसतो. तिथे खुल्या प्रवर्गातून पुढे जायचं, आणि कॅपच्या फेऱ्या संपल्यावर कॉलेज पातळीवर ज्या जागा उरतात त्यांच्यासाठी वेगळा अर्ज करायचा.

१८ जुलैला उत्तर आलं. पहिल्या यादीत बदल नाही, प्रमाणपत्र दुसऱ्या फेरीपासून ग्राह्य. दुसऱ्या फेरीत ओबीसीची एकही जागा सुटली नाही. तिसऱ्या फेरीत दोन सुटल्या, त्यातली एक तिला मिळाली. वसतिगृहाच्या खोल्या मात्र पहिल्या यादीसोबतच वाटून झाल्या होत्या, त्यामुळे वर्षभर मावसबहिणीकडे राहून दोन बस बदलत जायचं ठरलं. फी भरायला गेले तेव्हा वडिलांनी मला फोन केला. "मॅडम, खोली नाही भेटली, पण मोबाईल नंबर आता तिचाच टाकलाय. मी उभा राहून बघितलं."