स्क्रिप्टच्या आधीचं एक पान

प्रश्न : मॅडम, मी कोल्हापुरात मास कम्युनिकेशनच्या शेवटच्या वर्षाला आहे. एका गूळ उत्पादकांनी त्यांच्या सेंद्रिय गुळासाठी फिल्म करून द्यायला सांगितलं. मी उत्साहात नऊ पानी स्क्रिप्ट दिली. तीनदा बदल केले, आता म्हणतात, ‘आम्हाला असं नको होतं, जरा इमोशनल हवं.’ पैशांचं बोलणं अजून झालेलंच नाही. सर म्हणतात, आधी एक पानाचा कन्सेप्ट द्यायला हवा होता. त्यात नेमकं काय लिहायचं?

उत्तर : तुझ्या सरांचं बरोबर आहे. नऊ पानांवर माणूस ‘नको’ म्हणत नाही, संवाद बदलायला सांगतो. त्याला खरं तर कल्पनाच पटलेली नसते, पण हातात संवाद दिलेत म्हणून तो संवादांवर बोलतो. एका पानावर संवादच नसतात. तिथे त्याला कल्पनेवरच हो किंवा नाही म्हणावं लागतं, आणि ‘नाही’ आलं तरी तुझी एक संध्याकाळच गेलेली असते.

पान साडेतीनशे शब्दांच्या पुढे जाऊ देऊ नकोस. वर एका ओळीत फिल्म कुणासाठी आणि ती पाहून त्याने काय करायचं हे लिही. ‘पुण्या-मुंबईतलं कुटुंब, जे आज दुकानातून सुटा गूळ घेतं, त्याने पाकिटावरचं नाव वाचून मागावा.’ ही ओळ मालकांना मान्य नसेल तर पुढचं काहीच जुळणार नाही.

त्याखाली शंभरेक शब्दांत कल्पना. इथे गोष्ट सांगायची, शॉट नाही. तुझ्या कामापुरतं असं लिहिता येईल: ‘ही एका आधणाची फिल्म आहे. रस काहिलीत पडतो तिथे सुरू होते, गूळ वाफ्यात ओतला जातो तिथे संपते. मधला सगळा वेळ आपण गुळव्याचा चेहरा पाहतो. तो मळी काढतो, जाळ कमी करायला सांगतो, थेंब गार पाण्यात टाकून बोटांनी गोळी होते का बघतो. बोलत नाही. शेवटी एकच शब्द बोलतो: उतरवा.’ वाचणाऱ्याला चित्र दिसलं आणि त्या एका शब्दापलीकडे संवाद लागला नाही. आणखी एक: १९५७च्या कॉपीराइट कायद्यात नुसत्या कल्पनेला संरक्षण नाही, तिच्या लिखित मांडणीला आहे. तरीही तपशीलवार शॉट आणि निवेदन या पानावर मांडू नकोस. ते होकार आणि आगाऊ रक्कम आल्यानंतरचं काम.

‘सेंद्रिय’ या शब्दावर कल्पना उभी करणार असशील तर प्रमाणपत्राची प्रत आधी मागून घे. सेंद्रिय अन्नासाठी २०१७चे स्वतंत्र नियम आहेत. कागद नसला तर संपादन झाल्यावर तो शब्द काढावा लागेल आणि फिल्मचा कणाच जाईल.

आता टोन. तुझं काम अडलंय ते इथेच. ‘इमोशनल’ म्हणजे मालकांच्या मनात आजी आणि गुळाचा खडा असेल, वडिलांनी उभं केलेलं गुऱ्हाळ असेल, किंवा नुसतं सनईचं संगीत असेल. विचारून ते सांगता येत नाही, दाखवून येतं. इतरांच्या फिल्मचे तीन नमुने निवड, जास्त नको. प्रत्येकापुढे मिनिट-सेकंद लिही आणि त्यातून काय घ्यायचं ते एका वाक्यात सांग: पहिल्यातला पहाटेचा प्रकाश, दुसऱ्यातली संथ गती, तिसऱ्यातला निवेदकाचा घरगुती आवाज. तेवढंच महत्त्वाचं दुसरं वाक्य म्हणजे काय घ्यायचं नाही. प्रकाशासाठी दाखवलेल्या नमुन्यात ड्रोन असेल तर मालकांच्या लक्षात ड्रोनच राहतो आणि शूटच्या दिवशी ते तो शोधतात. म्हणून ‘प्रकाश असा, ड्रोन नाही’ असं स्पष्ट लिही. शक्य तर एक नमुना ‘असं नको’ म्हणूनही ठेव. लोकांना काय आवडत नाही ते पटकन सांगता येतं, आणि तिथून ‘इमोशनल’चा अर्थ कळतो.

नमुने व्हॉट्सॲपवर पाठवून मोकळी होऊ नकोस. समोर बसून तेवढेच वीस-वीस सेकंद दाखव, एकदा आवाज बंद करून. आवाज बंद केल्यावर आवडेनासं झालं, तर त्यांना आवडलं होतं ते गाणं. आणि सिनेमाचं गाणं हक्क घेतल्याशिवाय वापरता येणार नाही, हे त्याच बैठकीत सांगून टाक.

काय देणार ते मोजून लिही: ६० सेकंदांची एक आडवी फिल्म, २० सेकंदांच्या दोन उभ्या, मराठी निवेदन, हिंदी उपशीर्षकं. ‘रील्सही देऊ’ असं मोघम लिहू नकोस. आडव्या चौकटीतून उभी कापली की रुंदीचा जेमतेम तिसरा हिस्सा उरतो. काहिलीभोवती चारजण उभे असतील तर त्यातला एखादाच दिसेल. उभी फिल्म हवी हे आधी ठरलं, तर कॅमेरा तसा लावता येतो. शूटनंतर कळलं तर इलाज नाही.

व्याप्ती लिहिताना गुऱ्हाळाचं गणित समजून घे. एका आधणाला साधारण अडीच-तीन तास लागतात. दहा तासांच्या शूटमध्ये खात्रीने तीनच आधणं मिळतील, म्हणजे गूळ ओतण्याचा क्षण तीनदाच, तोही काही मिनिटांचा. वाफेने लेन्स धुरकटली तर त्यातला एक गेला. म्हणून ‘एक दिवस, एक ठिकाण, दहा तास, किमान तीन आधणं, पहिलं पहाटे’ एवढं पानावर हवं. आधणं वेळेवर लावणं ही त्यांची जबाबदारी, हेही त्याच ओळीत.

बदलांच्या फेऱ्या: स्क्रिप्टवर दोन, पहिल्या संपादनावर दोन. फेरी म्हणजे काय ते लिहिलं नाही तर आकड्याला अर्थ नाही. घरातल्या सगळ्यांच्या सूचना एकत्र करून, एकाच माणसाने, एकदाच लेखी पाठवायच्या. ती एक फेरी. मालक, त्यांचा मुलगा आणि पाकीट डिझाइन करणारा असे तिघे वेगवेगळे फोन करतात, तिथेच कामं रखडतात. संमती देणाऱ्याचं नाव पानावर घाल. मग काय धरलेलं नाही ते: पुन्हा शूट, पाकिटाचे फोटो, न संपादलेलं चित्रण, दुसऱ्या भाषेतलं निवेदन. ही ओळ लिहिताना संकोच वाटतो, पण वाद होतो तो याच गोष्टींवरून.

रक्कम याच पानावर घालू नये असं माझं मत. आकडा दिसला की नजर तिथेच जाते आणि कल्पना वाचलीच जात नाही. पान मान्य झालं की त्याच दिवशी दुसऱ्या कागदावर दर दे. पानाच्या तळाशी मात्र हे असू दे: ‘होकार लेखी कळवावा. स्क्रिप्टचं काम आगाऊ रक्कम मिळाल्यावर सुरू होईल. प्रस्ताव १५ दिवस ग्राह्य.’

आत्ताच्या कामात चौथा बदल करू नकोस आणि जुनी स्क्रिप्ट पानाला जोडूही नकोस. जोडलीस की चर्चा परत संवादांवर जाईल. गुऱ्हाळं साधारण दिवाळीच्या आसपास पेटतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत चालतात. यंदा त्यांचं शेवटचं आधण कधी, हे आजच फोन करून विचार. त्या तारखेच्या आधी शूटचा एक दिवस आणि स्क्रिप्टला दोन आठवडे बसत असतील तरच हे पान लिहायला घे. बसत नसतील तर पुढच्या हंगामाची तारीख टाकून लिही.