रिपीटरला जुना सिलॅबस की नवीन? (सीए इंटर)

प्रश्न: माझा सीए इंटरचा ग्रुप १ जुन्या स्कीममध्ये राहिलाय, मध्ये गॅप पडला. आता परत फॉर्म भरला तर जुना सिलॅबस लागेल का नवीन? पेपर पॅटर्न कोणता असतो? जुनी पुस्तकं आहेत, ती चालतील का?

उत्तर:

नवीन. सिलॅबस पण नवीन, पॅटर्न पण नवीन. जुन्या स्कीमची इंटरची शेवटची परीक्षा नोव्हेंबर २०२३ ला झाली, मे २०२४ पासून सगळ्यांना एकच पेपर, मग तू फ्रेशर अस नाहीतर पाचव्यांदा बसणारा. आता हे मला कसं माहीत ते सांगतो, कारण याच एका प्रश्नावर माझे अडीच महिने पाण्यात गेलेत.

मी कोल्हापूरचा. नोव्हेंबर २०२३ ला ग्रुप १ दिला, जानेवारीत रिझल्ट लागला. अकाउंटिंगला ३४, टॅक्सला ६३, ग्रुप फेल. टॅक्सला साठच्या वर असल्यानं एक्झम्प्शन मिळालं, म्हणजे पुढच्या तीन परीक्षा तो पेपर द्यायचा नाही. त्याच आठवड्यात आमचे दाजी घरी आले. दाजी सीए नाहीत पण आयपीसीसी दिलेले, त्यामुळं घरात या विषयावरचा शेवटचा शब्द त्यांचा. म्हणाले, "रिपीटरला जुनाच सिलॅबस असतोय रे, मी स्वतः नोव्हेंबर २०१८ ला जुन्या कोर्सनं बसलोय, तेव्हा नवीन चालू झालेला की." आणि राजारामपुरीतल्या त्यांच्या घरातनं दोन पिशव्या पुस्तकं माझ्या टेबलावर.

आता गंमत अशी की दाजी खोटं बोलत नव्हते. २०१७ ला जी नवीन स्कीम आली तिची इंटरची पहिली परीक्षा मे २०१८ ला झाली, आणि पुढं काही वर्षं आयसीएआयनं जुना कोर्स शेजारी चालू ठेवला, दोन वेगळे पेपर निघायचे. पण २०२३ च्या वेळेला तसं केलंच नाही. १ जुलै २०२३ ला स्कीम लागू झाली, नोव्हेंबरपर्यंत जुनी, मे पासून फक्त नवीन, बास. म्हणजे "रिपीटरला काय लागतं" असा कायमचा नियम नसतोय, प्रत्येक बदलाच्या वेळी घोषणेत जे लिहिलेलं असतं तेच. मागच्या बदलावरनं या वेळचा अंदाज बांधायचा नाही. हे मी दाजींना सांगायला पाहिजे होतं, पण तेव्हा मलाच माहीत नव्हतं आणि बहिणीच्या नवऱ्याला कोण उलटं बोलणार.

मग मी जानेवारी अर्धा, फेब्रुवारी, मार्च काय केलं तर इन्शुरन्स क्लेम, हायर परचेस आणि सिंगल एंट्री घोटली. शंभर वेळा. मार्चच्या शेवटी शाहूपुरीतल्या मित्राकडं त्या अटेम्प्टची आरटीपी बघितली तर पेपर १ च्या नावातच फरक, "अकाउंटिंग" नाही, "ॲडव्हान्स्ड अकाउंटिंग". म्हटलं हा तर ग्रुप २ चा पेपर, पाचवा. तर झालंय असं की जुने पेपर १ आणि पेपर ५ एकत्र करून एकच केलाय. मी जे घोटत होतो ते त्यातनं बाहेर, आणि कन्सोलिडेशन, अमाल्गमेशन, बायबॅक आत. कन्सोलिडेशन मी आयुष्यात बघितलं नव्हतं कारण ग्रुप २ नंतर द्यायचा म्हणून ते पुस्तक घेतलंच नव्हतं! शिवाय अकाउंटिंग स्टँडर्ड्सचा भला मोठा ढीग.

पॅटर्नचं पण तसंच. जुन्यात लॉ, टॅक्स, ऑडिट असल्या पेपरांना ३० मार्कांचे एमसीक्यू होते पण अकाउंटिंग पूर्ण लेखी, पानं भरायची. नवीनमध्ये सगळ्याच पेपरांना ३० एमसीक्यूचे, ते पण केस देऊन त्यावर प्रश्न, आणि ७० लेखी. अकाउंट्समध्ये याचा अर्थ समजून घे: लेखीत उत्तर चुकलं तरी वर्किंग नोटचे मार्क मिळतात, एमसीक्यूत आकडा चुकला की गेले. निगेटिव्ह नाही पण स्टेपचे पण नाहीत. मी आयुष्यभर स्टेपवर जगलेला माणूस.

३ मे ला अकाउंट्सचा पेपर झाला. (त्या वेळी लोकसभेमुळं तारखा हलवलेल्या, आपल्याकडं ७ मे ला मतदान होतं, म्हणून टॅक्स ७ चा ९ ला गेला, मला काय फरक पडला नाही.) जुलैत रिझल्ट: अकाउंट्स ४१, लॉ ४३. दोन्हीत चाळीसच्या वर. पण ग्रुपचं ॲग्रीगेट ५० टक्के लागतंय, म्हणजे तीनशेत दीडशे, आणि त्यात एक्झम्प्शनच्या पेपरचे मार्क धरतात. ६३ अधिक ४१ अधिक ४३, किती? १४७. तीन मार्क! त्या अडीच महिन्यांतले दहा दिवस कन्सोलिडेशनला दिले असते तर तीन मार्क आले नसते का? दाजी म्हणाले, "नशीब." सप्टेंबरला परत बसलो आणि दिवाळीच्या तोंडावर निघाला एकदाचा.

तुझ्यासाठी: जुन्या पुस्तकातलं लॉ ओळख म्हणून वाच, बाकी रद्दीत घाल. टॅक्सचं पुस्तक तर स्कीम बदलली नसती तरी चाललं नसतं, तिथं त्या अटेम्प्टला लागू असलेला फायनान्स ॲक्ट बघायचा असतो. अभ्यासाला हात लावायच्या आधी तुझ्या अटेम्प्टची आरटीपी आयसीएआयच्या साईटवरनं काढ, फुकट आहे, पेपरांची नावं आणि काय लागू ते त्यातच कळतं. क्लासवाल्याला विचारू नको, त्याला जुनी बॅच विकायची असती.

आणि तुझं जुनं एक्झम्प्शन असेल तर नोव्हेंबर २०२३ चं धरलं तरी तीन परीक्षा मे २४, सप्टेंबर २४, जानेवारी २५ मध्ये संपल्या, कारण आता इंटर वर्षातनं तीनदा होते. गॅप होता म्हणतोस, म्हणजे त्याच्यावर विसंबून राहू नको. ग्रुपच्या नावावर पण जाऊ नको, कॉस्टिंग पूर्वी ग्रुप १ ला होतं, आता ग्रुप २ ला आहे.

एक राहिलं. "सगळं नवीन" हे फक्त पेपरांबद्दल. आर्टिकलशिप ३० जून २०२३ पर्यंत चालू झाली असेल तर तीनच वर्षं करायची, दोन वर्षांवाला नियम नंतर चालू केलेल्यांना. तिथं जुनाच नियम चिकटून राहतो, म्हणजे दाजी एका ठिकाणी बरोबर निघाले म्हणायचे, पण हे त्यांना मी सांगणार नाही. आणि तू बीकॉमचं पण विचारत असशील तर मला विचारू नको, विद्यापीठाचं परिपत्रक बघ, तिथं जुन्या विषयाला नवीन कुठला समकक्ष त्याचा तक्ता बऱ्याचदा सिलॅबसच्या पीडीएफच्या शेवटी असतोय.

दाजी अजून लग्नकार्यात सांगतात की याच्या वेळेला इन्स्टिट्यूटनं ऐनवेळी नियम बदलला. ऐनवेळी नाही ओ दाजी, स्कीम जुलैत लागू झालेली, तुम्ही जानेवारीत पिशव्या आणल्या. त्या अजून माळ्यावर आहेत.