मालकिणीच्या ओळखीने जाऊ नकोस

प्रिय विद्यार्थिनीस,
सप्रेम आशीर्वाद.

घरकामगार बायांच्या कामाच्या ठिकाणी होणाऱ्या छळावरच्या अभ्यासाचा, नैतिकता समितीपुढे ठेवायचा तुझा मसुदा वाचला. त्यातली तुझी संभ्रमाची जागा मला ठाऊक आहे: घरकामगार बायांपर्यंत पोहोचायचे कसे, हे सुचले नाही म्हणून तू सोसायटीच्या सचिवांची परवानगी, मालकिणींकडून ओळख आणि मुलाखत त्यांच्याच स्वयंपाकघरात, असा सोपा मार्ग लिहिलास, आणि जोखमीच्या रकान्यात ‘जोखीम नाही’ असे लिहून मोकळी झालीस. ओट्याशी उभ्या असलेल्या बाईला मालकीण म्हणाली, "हिला जरा माहिती दे गं," की तिचा नकार संपला. त्यानंतर संमतिपत्रावर अंगठा उमटला काय आणि न उमटला काय! आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत उतरंडीच्या दबावाखाली असलेल्यांना असुरक्षित गटांत धरले आहे ते याचसाठी.

म्हणून निवडीचा परिच्छेद नव्याने लिही. वस्तीत जा, बचत गटात किंवा मोलकरणींच्या संघटनेच्या बैठकीत अभ्यासाची माहिती सांग, आणि ज्यांना बोलायचे असेल त्यांनी नंतर आपणहून कळवावे, अशी सोय ठेव. संघटनेच्या कार्यकर्तीलाही कोण आले, कोण नाही हे कळू देऊ नकोस. वेळ दोन कामांच्या मधली, दुपारची. जागा मालकाच्या घराबाहेरची. या हट्टापायी माझ्या अभ्यासांत उत्तरदात्या नेहमीच कमी राहिल्या आणि परीक्षकांनी त्यावर बोटही ठेवले. तरीही मालकिणीच्या ओळखीने मी गेलो नाही, आणि त्या तक्रारीला मी आजही किंमत देत नाही.

संमतिपत्राची प्रत बाईच्या पिशवीत राहिली आणि ‘कामाच्या ठिकाणी होणारा छळ’ हे शीर्षक मालकिणीने वाचले, तर तुझा कागदच तिचे काम घालवेल. तेव्हा लेखी सहीऐवजी तोंडी संमतीची परवानगी समितीकडे माग, कारण स्पष्ट लिही, आणि संमतीचे ध्वनिमुद्रण मुलाखतीपासून वेगळे ठेव. साक्षीदार लागलाच, तर तो मालकाच्या घरचा नको, हे पुन्हा सांगतो.

‘नावे बदलली जातील’ एवढ्यावर थांबलीस, याचा मात्र मला राग आला. अंथरुणाला खिळलेले आजोबा, दोन कुत्री आणि परदेशी मुलगा असलेले घर त्या सोसायटीत एकच असते. मालकिणीने अहवाल वाचला तर बाई कोण, हे तिला दोन ओळींत कळेल. असे तपशील गाळण्याचा किंवा दोन घरांचे एकत्र करण्याचा नियम अर्जातच लिही.

आणि संपूर्ण गोपनीयतेचे वचन काढून टाक. अठरा वर्षांखालील मुलीवरील लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली, तर पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार ती पोलिसांना कळवणे तुला बंधनकारक आहे. हे बाईला मुलाखत सुरू होण्यापूर्वी, तिला समजेल अशा शब्दांत सांगायचे. ते शब्दही समितीला जोडपत्रात दाखव.

सुधारलेला मसुदा समितीकडे देण्याआधी मला पाठव.